साठीच्या आईच्या डोक्यात गजकर्ण: शाम्पूने भागेल का, की गोळ्या घ्याव्याच लागतील?

अनघा_कोथरूड

माझ्या आईचं वय ६१. पावसाळ्यापासून तिच्या डोक्यात, उजव्या कानाच्या वरच्या बाजूला, रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडा मोठा चट्टा आहे. त्यावर पांढरट पापुद्रे सुटतात, खाज येते आणि तिथले केस कातरल्यासारखे तुटलेले आहेत. आधी सगळ्यांनी कोंडाच धरला. फॅमिली डॉक्टरांनी केटोकोनाझोलचा शाम्पू दिला. पापुद्रे कमी झाले, खाज थांबली, आणि शाम्पू बंद केला की पंधरवड्यात पुन्हा तेच. मध्ये औषधाच्या दुकानातून एक मलमाची ट्यूब आणली. त्याने लाली गेली, पण चट्टा पसरला आणि मानेजवळ दुसरा आला.

आता कर्वे रोडवरच्या त्वचारोगतज्ज्ञांनी बघितलं आणि डोक्यातला गजकर्ण आहे म्हणाल्या. तुटके केस उपटून तपासणीला पाठवलेत. टर्बिनाफिनच्या गोळ्या घ्याव्या लागतील, त्याआधी लिव्हरची रक्ततपासणी करा असं सांगितलंय. आई गोळ्यांना अजिबात तयार नाही. "बाहेरच्या रोगाला पोटातून औषध कशाला? शाम्पू रोज लावते, हवं तर दोनदा लावते," असं तिचं म्हणणं. तिला बीपीची गोळीही चालू आहे. शाम्पूवर खरंच बरं होत नाही का? कुणाला अनुभव असेल तर सांगा.

पर्वतीकर

अनघाताई, बुरशी म्हटल्यावर केटोकोनाझोल हेच औषध. मला वर्षानुवर्षं कोंडा होता, त्याच शाम्पूने गेला. आठवड्यातून दोनदा लावायचा, ५ मिनिटं फेस डोक्यावर ठेवायचा आणि मग धुवायचं. बहुतेक जण लगेच धुऊन टाकतात, म्हणून गुण येत नाही. आधी ते नीट करून बघा. गोळ्यांची घाई नको.

स्लाइड_कव्हरस्लिप

पर्वतीकर, फेस ५ मिनिटं ठेवायचा हे अगदी बरोबर. पण कोंड्याची बुरशी वेगळी आणि ही वेगळी. मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या लॅबमध्ये बरीच वर्षं काढली आहेत, केसांचे असे नमुने रोज बघत होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कोंड्याची बुरशी कातडीच्या वरच्या थरावर राहते. शाम्पू तिथे सहज पोचतो. गजकर्णाची बुरशी केस आणि कातडी ज्या प्रथिनाची बनते ते केराटिन खाऊन जगते आणि डोक्यात आली की ती केसाच्या मुळाकडे उतरत जाते. कातडीखाली केस जिथे घट्ट व्हायला लागतो तिथवर तिची मजल असते. आपल्याकडे हिचे जे प्रकार जास्त सापडतात ते केसाच्या आत शिरतात. तुटका केस काचपट्टीवर ठेवायचा, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकायचा, केस मऊ व्हायला थोडा वेळ द्यायचा आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. केसाची बाहेरची भिंत शाबूत असते आणि आत पोत्यात साबुदाणा ठासून भरावा तसे बीजाणू भरलेले दिसतात. आतून पोखरलेला हा केस कातडीच्या बाहेर आला की लगेच मोडतो. काही केस तर थेट कातडीच्या पातळीवरच मोडतात, म्हणून चट्ट्यात काळे ठिपके दिसतात. ते ठिपके म्हणजे केसाचे खुंट.

आता शाम्पूचं काय होतं बघा. तो पापुद्रे धुतो, वरचे बीजाणू मारतो. म्हणून बरं वाटतं. पण केसाच्या आत आणि मुळाच्या नळीत खोलवर तो पोचत नाही. खालचा साठा तसाच राहतो आणि शाम्पू थांबवला की तोच वर येतो. तुमच्या आईंचा पंधरवड्याचा अनुभव नेमका हाच आहे.

गोळी रक्तातून केसाच्या मुळाशी पोचते. तिथे नवीन केस तयार होत असतानाच औषध त्याच्या केराटिनमध्ये उतरतं. बुरशीला नवा केस खाता येत नाही, जुना पोखरलेला केस वाढीबरोबर वर सरकतो आणि पडून जातो. केस महिन्याला साधारण १ सेंटीमीटर वाढतो. त्यामुळे कोर्स काही आठवड्यांचा असतो, आठ दिवसांत संपत नाही.

वाडा_चिरेबंदी_नको

इतकं स्पष्ट कुणी डॉक्टरांनीही सांगितलं नव्हतं. धन्यवाद.

सुमन_सातारारोड

माझ्या मुलाला दाढीत आणि डोक्यात असाच गोल चट्टा पडलाय, वय २७. तिथे एकही केस नाही, कातडी अगदी गुळगुळीत. खाज नाही, पापुद्रे नाहीत. त्यालाही टर्बिनाफिन द्यावं का? घरात पडलेल्या गोळ्या आहेत.

नदीपात्र

सुमनताई, थांबा, देऊ नका. मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. बघितल्याशिवाय निदान करणार नाही, पण तुम्ही लिहिलंय ते चाईसारखं वाटतंय. चाईत कातडी गुळगुळीत राहते, पापुद्रे नसतात. तो बुरशीचा आजार नाही, बुरशीच्या गोळीचा तिथे काही उपयोग नाही. अनघाताईंच्या आईंना पापुद्रे आहेत, खाज आहे आणि केस गळण्याऐवजी तुटताहेत. ही तीन लक्षणं एकत्र दिसली की मोठ्या माणसातही गजकर्णाचा विचार करायला हवा. मुलाला एकदा दाखवून घ्या.

सुमन_सातारारोड

बरं झालं विचारलं. उद्याच नेते.

बालगंधर्व_पूल

पण हा लहान मुलांचा आजार ना? आमच्या शाळेत एका वर्गात चार-पाच मुलांना होता, सगळ्यांची डोकी भादरली होती. साठीच्या बाईला कसा होईल? निदानच चुकलं असेल तर?

नदीपात्र

प्रश्न योग्य आहे, आणि याच समजामुळे मोठ्यांचं निदान उशिरा होतं. वयात आल्यावर डोक्याच्या कातडीतून जे तेल सुटतं त्यातल्या काही स्निग्धाम्लांमुळे ही बुरशी दबून राहते, म्हणून तरुणांत हा आजार कमी दिसतो. पाळी गेल्यावर बायकांमध्ये ते तेल कमी होतं. मोठ्या वयात जे रुग्ण येतात त्यांत साठीच्या आसपासच्या बायका बऱ्याच असतात. मधुमेह असेल, स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असतील किंवा प्रतिकारशक्ती दाबणारं औषध चालू असेल तर कुणालाही होऊ शकतो.

शिवाय मोठ्यांत तो नेहमी ठरल्यासारखा गोल दिसतोच असं नाही. कधी कोंड्यासारखा दिसतो, कधी सोरायसिससारखा, कधी नुसत्या पुळ्या. अंदाजावर महिनोन् महिने औषध देण्यापेक्षा केस तपासणं सोपं. डर्मोस्कोपने, म्हणजे कातडी मोठी करून दाखवणाऱ्या भिंगाने, बघितलं तर तुटके केस स्वल्पविरामासारखे वाकलेले किंवा पिळवटलेले दिसतात. ते दिसले की आमचा संशय बराच पक्का होतो.

अनघाताई, दोन गोष्टी विचारतो. ती मलमाची ट्यूब कसली होती? आणि घरात लहान मूल आहे का?

अनघा_कोथरूड

ट्यूबवर क्लोबेटासोल आणि आणखी दोन औषधांची नावं आहेत. आणि हो, माझा भाचा सहा वर्षांचा आहे, आजीजवळच झोपतो. त्याच्या डोक्यात मागे थोडा कोंडा होता, पण लहान मुलांना कोंडा होतोच म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. त्याचंही डोकं आईच विंचरते.

नदीपात्र

क्लोबेटासोल हे अतिशय तीव्र स्टिरॉइड. त्याने सूज आणि लाली दबते, त्यामुळे बरं झाल्यासारखं वाटतं. पण कातडीची बुरशीशी लढण्याची ताकदच तिथे कमी होते आणि बुरशी निवांत पसरते. चट्टा पसरला आणि दुसरा आला तो बहुधा त्यामुळे. ती ट्यूब आता लावू नका आणि तुमच्या डॉक्टरांना तिचं नाव जरूर सांगा.

भाच्याला या आठवड्यातच दाखवा. सहा वर्षांच्या मुलाला खरा कोंडा सहसा होत नाही. त्या वयात पापुद्रे दिसले की आधी गजकर्ण नाही ना ते बघायचं. आजीला गोळ्या दिल्या आणि नातवाचं तसंच राहिलं, तर काही महिन्यांत आजी परत तिथेच.

हेल्मेटवाला_हडपसर

माझ्या मते हे सगळं हेल्मेटमुळे. ऑफिसच्या गाड्यांबरोबरची हेल्मेटं दहा जण घालतात, आत घाम, पावसात ओलं अस्तर. पुण्यात हेल्मेटविरोधाला आता वैद्यकीय कारणही मिळालं!

मुठेकाठी

हेल्मेटवाले, काकूंनी ६१ व्या वर्षी रॅपिडो सुरू केलं असेल तर गोष्ट वेगळी :-)

स्लाइड_कव्हरस्लिप

हेल्मेट, टोपी, उशीची खोळ, कंगवा, सलूनची मशीन, यांवर बीजाणू राहू शकतात, त्यामुळे हेल्मेट आपापलं वापरावं हे खरं. पण या घरात आजी ज्या फणीने नातवाचे केस विंचरते तीच आधी बघायला हवी.

कर्वेनगरची_कुंदा

माझ्या सासूबाई म्हणायच्या, अशा वेळी डोकं साफ भादरायचं, कडुनिंबाच्या पाल्याच्या पाण्याने धुवायचं आणि लसूण चोळायचा. लसणाने बुरशी मरते असं मी वाचलंय. गोळ्यांनी लिव्हर खराब होण्यापेक्षा हे बरं नाही का?

स्लाइड_कव्हरस्लिप

कुंदाताई, लसणाने काचेच्या बशीत बुरशी रोखली जाते, पण कातडीवर चोळला तर भाजल्यासारखी जखम होते. आणि खोली गाठण्याची अडचण शाम्पूइतकीच त्यालाही आहे.

भादरण्याचं म्हणाल तर त्यामागे विचार होता. पूर्वी औषधच नव्हतं, म्हणून केस मुळापासून काढणं हा एकच मार्ग उरायचा. वस्तऱ्याने फक्त वरचा केस जातो, मुळाच्या नळीतला तसाच राहतो. युरोपात तर केस मुळासकट पडावेत म्हणून मुलांच्या डोक्यावर क्ष-किरण सोडत. पॅरिसच्या साबुरो या त्वचारोगतज्ज्ञांनी १९०४ च्या सुमारास त्याची पद्धत बसवून दिली. बुरशी वाढवायला आम्ही लॅबमध्ये जे माध्यम वापरतो त्यालाही त्यांचंच नाव आहे. केस पडायचे, बुरशी जायची, नवे केस यायचे. पण अशा मुलांपैकी काहींना पुढे कातडीचे आणि इतर कर्करोग झाले. १९५८ मध्ये ग्रिसिओफल्विन हे बुरशीवरचं औषध पोटातून देता येतं हे सिद्ध झालं आणि क्ष-किरणांची गरज संपली. मुळाशी पोचायचंच होतं, गोळीने ते काम इजा न करता केलं.

कर्वेनगरची_कुंदा

क्ष-किरणांचं माहीत नव्हतं. ऐकून काटा आला. लसूण मागे घेते, पण कडुनिंबाच्या पाण्याने धुतलं तर बिघडणार नाही असं मला अजून वाटतं.

डेक्कन_क्वीन

आजकाल टर्बिनाफिन चालतच नाही. माझ्या जांघेतल्या गजकर्णाला तीन डॉक्टरांनी दिलं, काही फरक नाही. शेवटी इट्राकोनाझोल घ्यावं लागलं. काकूंनाही थेट तेच द्या.

नदीपात्र

तुमचा अनुभव खरा आहे. अंगावरच्या गजकर्णात भारतात टर्बिनाफिनला दाद न देणारी बुरशी खूप पसरली आहे. पण डोक्यात सहसा दुसऱ्या जाती असतात, त्यामुळे तिकडचा अनुभव इकडे तसाच लागू होत नाही. केसाच्या आत शिरणाऱ्या ट्रायकोफायटॉन जातींना टर्बिनाफिन चांगलं लागू पडतं. मांजरीकडून येणारी मायक्रोस्पोरम असेल तर ग्रिसिओफल्विन जास्त भरवशाचं, मात्र ते जेवणात तूप किंवा दूध असताना घ्यावं लागतं, नाहीतर अंगात नीट शोषलं जात नाही. म्हणूनच कल्चरचा, म्हणजे नमुन्यातली बुरशी लॅबमध्ये वाढवून तिची जात ओळखण्याचा आग्रह. इट्राकोनाझोल हाही पर्याय आहे, पण हृदय कमजोर असलेल्यांना ते टाळतात आणि कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांशी त्याचं जमत नाही.

अनघाताई, आईंची बीपीची गोळी कुठली?

अनघा_कोथरूड

मेटोप्रोलॉल. आत्ता पाकीट बघून लिहितेय.

नदीपात्र

ते डॉक्टरांना सांगितलंय का? टर्बिनाफिनमुळे मेटोप्रोलॉल शरीरातून हळू बाहेर पडतं, त्यामुळे नाडी फार मंदावू शकते किंवा चक्कर येऊ शकते. म्हणून गोळी टाळलीच पाहिजे असं नाही. फिजिशियन डोस कमी करतात किंवा काही काळ दुसरं औषध देतात. पण हे आधी ठरायला हवं. आईंनी मनाने बीपीची गोळी बंद करू नये.

लिव्हरबद्दल: गंभीर त्रास क्वचित होतो. आधी रक्त तपासतात ते कुणाला मुळातच लिव्हरचा आजार असेल तर कळावं म्हणून. कोर्स चालू असताना भूक मेली, मळमळ थांबेना, लघवी गडद झाली किंवा डोळे पिवळे दिसले, तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे.

चतुःशृंगी

मी घेतल्यात या गोळ्या, नखांसाठी. मध्येच जिभेची चव गेली. आमटी आणि गरम पाणी सारखंच लागायचं. गोळ्या संपल्यावर हळूहळू परत आली. आईंना आधीच सांगून ठेवा, नाहीतर स्वयंपाकात मिठाचा अंदाज चुकून घरात वादळ व्हायचं.

बालगंधर्व_पूल

गोळ्या घ्याव्या लागल्या तर शाम्पू बंद का मग? तो तर फुकट गेला.

स्लाइड_कव्हरस्लिप

नाही, शाम्पूही लावायचा. गोळी बुरशी खालून संपवते, त्याला वेळ लागतो. तोवर डोक्यावरून बीजाणू झडत असतात आणि उशीवर, कंगव्यावर, नातवाच्या डोक्यात जात असतात. शाम्पूने ते झडणं कमी होतं. केटोकोनाझोल किंवा सेलेनियम सल्फाइड, कुठलाही चालतो. फक्त नमुना द्यायच्या आधी काही दिवस लावू नये, नाहीतर तपासणी खोटीच स्वच्छ येते. डोक्याला तेल चोपडूनही येऊ नये, तेलाखाली पापुद्रे दबून जातात.

पर्वतीकर

तेलाचा मुद्दा आलाच आहे तर विचारतो. डोक्यातल्या तेलाने बुरशी दबते असं डॉक्टर म्हणाले. मग खोबरेल लावून फायदा का होऊ नये?

नदीपात्र

कातडीतून सुटणारं तेल आणि बाटलीतलं तेल यांतली स्निग्धाम्लं सारखी नसतात. खोबरेलातल्या काही आम्लांचा प्रयोगशाळेत बुरशीवर परिणाम दिसतो हे खरं, पण रुग्णाच्या डोक्यातला गजकर्ण त्याने बरा झालेला मी पाहिलेला नाही. आवड म्हणून नंतर लावा, उपचार म्हणून नको.

येरवडा_ते_वारजे

एक सांगावंसं वाटतं. माझ्या भावाला ३४ व्या वर्षी डोक्यात मऊ, फुगलेली, पू गळणारी गाठ आली होती. मानेत मागे अवधाण. एका दवाखान्यात गळू समजून कापलं, अँटिबायोटिक दिलं, काही उपयोग नाही. शेवटी केस तपासल्यावर गजकर्णच निघाला. गोळ्यांनी बरं झालं, पण त्या जागी आता व्रण आहे आणि केस कधीच आले नाहीत. दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं की तो पू शरीराच्या बुरशीवरच्या जोरदार प्रतिक्रियेचा होता, चिरण्याची गरज नव्हती. आईंना दाखवायला उशीर करू नका एवढंच.

अनघा_कोथरूड

इथलं सगळं आईला वाचून दाखवलं. स्लाइड_कव्हरस्लिप यांचं केसाच्या आतलं वर्णन ऐकून ती गप्प झाली आणि मग म्हणाली, "आत आहे म्हणतेस, तर आतूनच घ्यायला हवं." लिव्हरची तपासणी ठीक आली. फिजिशियननी मेटोप्रोलॉल बदलून दुसरं औषध दिलं. काचपट्टीवर बुरशी दिसलीच होती, त्यामुळे कल्चरची वाट न बघता टर्बिनाफिन २५० मिलिग्रॅम रोज एक सुरू झालंय, चार आठवड्यांसाठी. भाच्यालाही तेच निघालं. त्याचा डोस वजनावर ठरवलाय. वहिनी आणि दादाचं डोकंही बघून घेतलं, ते स्वच्छ आहेत.

मुठेकाठी

काकूंना सलाम. माझ्या आईला साध्या क्रोसिनसाठी अर्धा तास विनवावं लागतं.

अनघा_कोथरूड

बऱ्याच दिवसांनी परत आलेय. कल्चर आलं: ट्रायकोफायटॉन व्हायोलेसियम. लॅबमध्ये गेले होते तेव्हा त्यांनी बाटली दाखवली. तळाशी गडद जांभळा, मेणचट, सुरकुतलेला छोटासा ठिपका, जांभळाच्या डागासारखा रंग. डॉक्टर म्हणाल्या, ही जात वूडच्या दिव्याखाली, म्हणजे तपासणीच्या अतिनील प्रकाशात, चमकत नाही, त्यामुळे दिव्यात काही दिसलं नाही म्हणून आजार नाही असं समजायचं नसतं.

चार आठवडे झाले. पापुद्रे गेले, खाज नाही, चट्ट्यात बारीक केस दिसताहेत. मध्ये आईच्या दंडावर बारीक पुरळ आलं होतं, आम्हाला वाटलं गोळीची ॲलर्जी. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की बुरशी मरायला लागली की शरीराची अशी प्रतिक्रिया येते, गोळी चालू ठेवा. मात्र काचपट्टीवर अजून थोडी बुरशी दिसतेय, म्हणून गोळ्या वाढवल्यात. आई कुरकुरतेय की केस आले तरी अजून कशाला.

स्लाइड_कव्हरस्लिप

व्हायोलेसियमचा तो रंग मीही विसरलेलो नाही. काचपट्टीबद्दल सांगतो: मेलेली बुरशीही सूक्ष्मदर्शकाखाली तशीच दिसते, त्यामुळे नुसत्या त्यावरून जिवंत आहे की नाही ते कळत नाही. पुन्हा कल्चर लावलंय का? ते स्वच्छ आलं तर थांबता येतं.

नदीपात्र

यावर आमच्यातही दोन मतं आहेत. काही जण कल्चर स्वच्छ येईपर्यंत गोळी चालू ठेवतात, काही जण चट्टा पूर्ण बरा दिसला तर थांबवून लक्ष ठेवतात. तुमच्या आईंच्या बाबतीत स्टिरॉइड लावून झालंय आणि घरात नातू आहे, मीही चालूच ठेवल्या असत्या. आधी डोळ्यांना बरं दिसतं, बुरशी नंतर संपते. मधेच सोडलेल्यांचा आजार परत आलेला मी पुष्कळदा पाहिलाय.

अनघा_कोथरूड

कल्चर परत लावलंय, रिपोर्टला तीन-चार आठवडे लागतील म्हणाले. तोवर गोळ्या चालू. कंगव्यांचं काय करायचं? आईची लाकडी फणी आहे, आजीच्या वेळची. ती टाकवत नाही तिला.

स्लाइड_कव्हरस्लिप

प्लॅस्टिकचे कंगवे आणि ब्रश आधी केस काढून साबणाने धुवा, मग सोडियम हायपोक्लोराइटच्या पाण्यात बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात बुडवून ठेवा. मऊ दातांचे जुने ब्रश सरळ फेकून द्या. लाकडाच्या भेगांत बीजाणू महिनोन् महिने टिकू शकतात आणि ते द्रावण लाकडात नीट उतरत नाही, म्हणून ती फणी वापरातून काढावीच लागेल. टाकवत नसेल तर पिशवीत बंद करून वर ठेवा, पण भाच्याच्या हाती लागू देऊ नका. उशांच्या खोळी गरम पाण्यात. आणि घरात प्रत्येकाचा कंगवा वेगळा.